मेमरी भरली की कॉम्प्युटर का रखडतो?

लॅपटॉप घेताना दोन आकडे सांगितले जातात: ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी स्टोरेज. रॅम म्हणजे टेबल आणि स्टोरेज म्हणजे कपाट, ही उपमा बहुतेकांनी ऐकलेली असते. ती चुकीची नाही, पण दोघांच्या वेगातली तफावत तिच्यातून कळत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलस या संगणकात ही तफावत ठळक दिसते. त्याची मुख्य मेमरी लोहचुंबकीय कड्यांची होती. तिच्यातला एक शब्द, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तेवढी माहिती, वाचायला सुमारे २ मायक्रोसेकंद लागत, पण मावत फक्त १६ हजारांच्या आसपास शब्द. जोडीला फिरते चुंबकीय ड्रम होते. त्यांत सहापट माल मावे, पण हवा तो भाग फिरून समोर येईपर्यंत सरासरी ६ मिलिसेकंद जात, म्हणजे तीन हजारपट उशीर.

ॲटलस बनवणाऱ्या टॉम किलबर्न यांच्या चमूने प्रोग्रामचे ५१२ शब्दांचे तुकडे, म्हणजे पेजेस, पाडले. लागेल ते पेज ड्रमवरून आपोआप मेमरीत यायचे आणि नको असलेले परत जायचे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला सगळी मिळून एकच मोठी मेमरी असल्यासारखे वाटे. आजचे विंडोज हेच करते. रॅम अपुरी पडली की स्टोरेजमधल्या pagefile.sys या फाइलचा आधार घेते.

ही सोय कुठे फसते, हे संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये नेमके मांडले. प्रत्येक प्रोग्रामला ठरावीक वेळात काही पेजेस सतत लागतात. चालू प्रोग्राम्सच्या अशा पेजेसची बेरीज मेमरीत मावेना, की एकाचे पेज आणायला दुसऱ्याचे हाकलावे लागते आणि क्षणात तेच परत हवे असते. मग प्रोसेसर नुसता वाट पाहत बसतो. याला थ्रॅशिंग म्हणतात.

समजा, ८ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोजला ३, ब्राउझरच्या टॅब्जना ४, एक्सेलला १ आणि व्हिडिओ कॉलला १ जीबी लागतेय. बेरीज ९. जास्तीचा १ जीबी पडून असलेल्या टॅब्जचा असेल तर काही बिघडत नाही; त्या टॅबवर गेल्यावर जरा थांबावे लागते, इतकेच. पण चारही गोष्टी एकदम कामात असल्या तर कॉल अडखळतो. एसएसडी कितीही चपळ असली तरी रॅमच्या मानाने शेकडो पटींनी मंदच, आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर बघायलाच नको.

तेव्हा मशीन रखडत असताना टास्क मॅनेजर उघडून पाहावे. मेमरी ९० टक्क्यांच्या वर, डिस्क सतत धावतेय आणि सीपीयू मात्र निवांत, असे दिसले तर रॅम वाढवून फरक पडेल. सीपीयूच १०० टक्क्यांवर असेल, तर नवी रॅम घेऊन पैसे वाया जातील.