विद्राव एन्थॅल्पी : क्षाराची साध्या कॅलरीमापीने मोजणी

एक मोल क्षार स्थिर दाबाखाली पाण्यात विरघळताना जेवढी उष्णता शोषली किंवा सोडली जाते ती त्याची विद्राव एन्थॅल्पी. जुन्या ग्रंथांत ‘विद्रावाची उष्णता’ म्हणून जी संज्ञा भेटते ती हीच. मात्र काही लेखक चिन्ह उलटे धरत, म्हणून जुने कोष्टक वापरताना ते आधी पाहून घ्यावे. कॅलरीमापनाची सुरुवात सामान्यतः लव्हाझ्ये व लाप्लास यांच्या १७८२-८३ च्या सुमाराच्या बर्फाच्या उपकरणापासून धरतात. क्षारांच्या विद्रावाची पद्धतशीर मोजणी मात्र एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः थॉमसन व बेर्तलो यांच्या हातून झाली.

साध्या प्रयोगात थर्मोकोलचा झाकण असलेला पेला, तापमापी आणि काचेची ढवळणी एवढे पुरते. पोटॅशियम क्लोराइड हे चांगले उदाहरण ठरते, कारण ते सहज कोरडे करता येते आणि त्याचे मूल्य प्रमाण म्हणून वापरले जाते (२५° से. ला, एका मोलास ५०० मोल पाणी असताना, १७.५८ किलोजूल). समजा, पेल्यात १०० ग्रॅम पाणी आहे व त्यात ७.४५५ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोल, क्षार टाकला.

पाण्याचे तापमान चार-पाच मिनिटे दर अर्ध्या मिनिटाला नोंदवतात, मग बारीक वाटलेला क्षार एकदम टाकून ढवळत नोंदी पुढे चालू ठेवतात. सुरुवातीचे तापमान २५.०० असून पारा २१.३५ पर्यंत उतरला व मग हळूहळू चढू लागला, तर २१.३५ हे उत्तर नव्हे. विरघळण्याच्या काळातही खोलीची उष्णता आत येतच होती. चढणारी रेषा आलेखावर मागे, क्षार टाकल्याच्या क्षणापर्यंत वाढवली की समजा २१.१५ मिळतात, म्हणजे खरी घट ३.८५ अंश.

यापुढचा प्रश्न असा की ही घट कशाच्या उष्माधारकतेने गुणायची. पाठ्यपुस्तकांत याबाबत एकमत नाही. विरघळणे २५ अंशांवरच पूर्ण झाले व मग तयार द्रावण आणि पेला मिळून २१.१५ पर्यंत थंड झाले, अशी कल्पना करावी, म्हणजे उत्तर २५ अंशांचे येते. तेव्हा द्रावणाची उष्माधारकता हवी, पाण्याची नव्हे. या संहतीच्या द्रावणाची विशिष्ट उष्माधारकता ग्रॅममागे सुमारे ३.८१ जूल आहे, पाण्याची ४.१८. म्हणून १०७.४६ ग्रॅम द्रावणाची धारकता सुमारे ४०९ जूल प्रति अंश होते.

पेला, तापमापी व ढवळणी यांचा वाटा वेगळा मोजावा लागतो. पेल्यातल्या २५° च्या ५० ग्रॅम पाण्यात ४५° चे ५० ग्रॅम ओतल्यावर ३४.१३° मिळाले, असे धरू. गरम पाण्याने २२७२ जूल दिले, थंड पाण्याने १९०८ घेतले; उरलेले ३६४ जूल पेल्यात गेले. पेला ९.१३ अंश तापला, म्हणून त्याची धारकता सुमारे ४० जूल प्रति अंश. ही पद्धत नाजूक आहे. अंतिम तापमानात ०.१ अंशाची चूक झाली तरी उत्तर ४५ होते. ओतताना वाया गेलेली उष्णताही पेल्याच्याच खात्यात जमा होते, त्यामुळे आकडा बहुधा मोठाच येतो. ज्ञात विद्युतप्रवाहाने तापवणारी तार अधिक भरवशाची.

एकूण धारकता ४४९ धरल्यास ४४९ × ३.८५ म्हणजे सुमारे १७३० जूल, अर्थात मोलमागे १७.३ किलोजूल, उष्माग्राही. पेल्याची दुरुस्ती सोडली तर १५.८ मिळतात. मागे वाढवलेली रेषा न वापरता पाऱ्याचे २१.३५ घेतले, तर १६.४.

येथे एक फसवी गोष्ट आहे. पुष्कळ प्रयोगवह्यांत पेला विसरून द्रावणाचे वस्तुमान ४.१८ ने गुणलेले असते. तसे केल्यास १०७.४६ × ४.१८ पुन्हा ४४९ च येतात व उत्तर बरोबर दिसते! पाण्याची धारकता वापरल्याने जेवढी चूक वाढली तेवढीच पेला विसरल्याने कमी झाली. हा योगायोग याच पेल्यापुरता व याच संहतीपुरता. पेल्याची दुरुस्ती केल्यावरही ४.१८ तसेच ठेवले तर १८.८ येतात, म्हणजे अर्धी सुधारणा उत्तर बिघडवते. द्रावणाची धारकता माहीत नसेल तर क्षाराचे वस्तुमान सोडून फक्त पाण्याचे घ्यावे व पेला मिळवावा, १७.६ येतात, चूक दोन टक्क्यांच्या आत राहते.

क्षार ओला असेल तर उत्तर ओलाव्याच्या प्रमाणात कमी येते. स्फटिकजल असलेल्या क्षारांची गोष्ट निराळी : निर्जल कॉपर सल्फेट विरघळताना पाणी तापते, पंचजलीय विरघळताना किंचित थंड होते.