टेकूवर किती भार येतो? उत्तर तुळईच्या वाकण्यात आहे

एक तुळई डाव्या टोकाला भिंतीत घट्ट रोवलेली आहे आणि उजवं टोक एका टेकूवर नुसतं टेकलेलं आहे. लांबी ४ मीटर. स्वतःच्या वजनासकट तिच्यावर दर मीटरला १० किलोन्यूटन असा सारखा पसरलेला भार आहे, म्हणजे एकूण ४० किलोन्यूटन. यातला किती भार टेकू उचलतो आणि किती भिंत?

वरवर पाहता हा बेरीज-वजाबाकीचा प्रश्न वाटतो. पण अज्ञात राशी तीन आहेत: टेकूची प्रतिक्रिया, भिंतीची उभी प्रतिक्रिया आणि भिंतीने तुळईला फिरू न देण्यासाठी लावलेला मोमेंट, म्हणजे बल गुणिले अंतर इतका फिरवण्याचा जोर. आडवं बल कुठेच नसल्यामुळे समतोलाची समीकरणं उरतात दोनच. एक उभ्या बलांचं, दुसरं मोमेंटचं.

एक समीकरण कमी पडल्याने नेमकं काय होतं, ते आकडे घालून बघण्यासारखं आहे. टेकू १० किलोन्यूटन उचलतो असं धरा. मग भिंतीवर ३० किलोन्यूटन येतात. पूर्ण भाराचा भिंतीपाशी मोमेंट ४० गुणिले २ म्हणजे ८० किलोन्यूटन-मीटर, त्यातून टेकूचे १० गुणिले ४ वजा केले की भिंतीला ४० सोसावे लागतात. समतोल अगदी बरोबर जुळला. आता टेकू २० उचलतो असं धरा. भिंतीवर २० आणि मोमेंट शून्य, हेही जुळतं. टेकूवर ३० धरले तरी भिंतीवर १० येतात, मोमेंट उलट्या दिशेने ४० होतो आणि समीकरणांची काहीच हरकत नसते. समतोलाच्या दृष्टीने अशी अगणित उत्तरं बरोबर आहेत. प्रत्यक्षातली तुळई मात्र त्यातलं एकच निवडते.

ती निवड कशावरून होते? आपल्याला एक गोष्ट माहीत आहे जी समतोलाच्या समीकरणांत कुठेच आलेली नाही: टेकूपाशी तुळई खाली जात नाही. तिथला झुकाव, म्हणजे खाली येण्याचं अंतर, शून्य आहे. बलांबद्दलची माहिती संपली तिथे आकाराबद्दलची माहिती कामाला येते, आणि या साऱ्या पद्धतीचा जीव इथेच आहे.

त्यासाठी टेकू क्षणभर काढून टाकू. उरतो साधा कॅन्टिलिव्हर, ज्याचं उजवं टोक मोकळं आहे. पसरलेल्या भाराखाली ते टोक wL⁴/8EI इतकं खाली येतं. इथे w म्हणजे दर मीटरचा भार, L लांबी, आणि EI म्हणजे तुळईची वाकण्याविरुद्धची ताठरता: E द्रव्याची, I छेदाच्या आकाराची. साधारण २५० मिलिमीटर उंचीच्या पोलादी आय-छेदासाठी EI सुमारे १०,००० किलोन्यूटन-मीटर² येतो, तोच धरू. मग टोक ३२ मिलिमीटर खाली येतं.

आता भार विसरून जाऊ आणि त्या टोकाला फक्त १ किलोन्यूटनने वर ढकलू. टोकावरच्या एकेरी बलासाठी सूत्र L³/3EI आहे, त्यावरून टोक २.१३३ मिलिमीटर वर जातं. टेकूचं काम एवढंच की ३२ मिलिमीटर पूर्ण भरून काढायचे. ३२ भागिले २.१३३ म्हणजे १५. टेकूची प्रतिक्रिया १५ किलोन्यूटन.

बाकीचं आता समतोल सांगतो. भिंतीवर २५ किलोन्यूटन, आणि मोमेंट ८० वजा ६० म्हणजे २० किलोन्यूटन-मीटर. भार सारखा पसरलेला असूनही भिंत जास्त उचलते, कारण रोवलेलं टोक ताठ असतं. टेकूवर निम्मे, म्हणजे २०, आले असतील तर कुठेतरी दोन्ही टोकं नुसती टेकलेल्या तुळईचा हिशेब मिसळला आहे असं समजावं.

उत्तर तपासायची एक फार सुंदर सोय आहे: दुसऱ्या वाटेने जायचं. टेकू ठेवा, आणि भिंतीतली घट्ट पकड सोडवून तिथे बिजागरी आहे असं माना. भाराखाली तुळई त्या टोकाला wL³/24EI इतकी, म्हणजे ०.००२६६७ रेडियन फिरते. तिथे लावलेला १ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट तिला L/3EI, म्हणजे ०.०००१३३ रेडियन उलट फिरवतो. खरी भिंत अजिबात फिरू देत नाही, म्हणून मोमेंट हवा २०. तोच आकडा, वेगळ्या सूत्रांतून. चिन्हाची किंवा सूत्राची चूक झाली असेल तर दोन वाटा सहसा एकाच ठिकाणी पोचत नाहीत.

सूत्रांतच सोडवलं तर टेकूची प्रतिक्रिया 3wL/8 येते. त्यात EI नाही, कारण तो दोन्ही झुकावांच्या सूत्रांत छेदस्थानी असतो आणि निघून जातो. म्हणजे तुळई सर्वत्र एकाच छेदाची असेल तर ती पोलादाची असो वा लाकडाची, जाड असो वा बारीक, वाटणी तीच राहते. पण हे टेकू जराही हलत नाही तोवरच.

टेकूखालची जमीन ४ मिलिमीटर खचली असं समजा. आता टेकूला ३२ नव्हे, २८ मिलिमीटरच भरून काढायचे आहेत. २८ भागिले २.१३३ म्हणजे १३.१२५ किलोन्यूटन. टेकूवरचा भार दोनच किलोन्यूटनने घटला, पण भिंतीपाशी बघा: ८० वजा ५२.५, म्हणजे २७.५. चार मीटरच्या तुळईखाली चार मिलिमीटर खचलं आणि भिंतीतला मोमेंट साडेसदतीस टक्क्यांनी वाढला. भार एका कणानेही वाढलेला नाही.

अशा वेळी तुळई जाड करावी असं मनात येतं. EI दुप्पट करून बघा. मोकळं टोक १६ मिलिमीटर खाली येतं, दर किलोन्यूटनला १.०६७ वर जातं. तेच ४ मिलिमीटर खचले तर टेकूवर १२ भागिले १.०६७ म्हणजे ११.२५ येतात आणि भिंतीपाशी मोमेंट ३५ होतो. ताठ तुळई खचणाऱ्या टेकूच्या मागे वाकून जात नाही, म्हणून भार भिंतीकडे जास्त सरकतो. छेद मोठा झाल्याने ताण किती हे अर्थात वेगळं तपासावं लागतं, पण बलांची वाटणी आणखी बिघडते हे नक्की. पहिल्या तुळईच्या बाबतीत टेकू ३२ मिलिमीटर खचला तर त्यावर काहीच भार उरत नाही. त्याहून जास्त खचला तर सूत्र ऋण उत्तर देतं, आणि ते फेकून द्यायचं असतं, कारण नुसता टेकू तुळईला खाली ओढू शकत नाही.

उलट बाजूची शंका भिंतीबद्दल घ्यावी लागते. कागदावर रोवलेलं टोक मुळीच फिरत नाही. प्रत्यक्षात बोल्ट थोडे ताणले जातात, काँक्रीटला बारीक तडे जातात आणि टोक किंचित फिरतं. तेवढा मोमेंट भिंत सोडते आणि टेकूवरचा भार १५ पासून २० कडे सरकू लागतो. त्याबरोबर मधल्या भागातला मोमेंटही वाढतो. पकड पूर्ण असताना तो टेकूपासून १.५ मीटरवर सर्वांत जास्त, ११.२५ किलोन्यूटन-मीटर असतो. पकड पूर्ण सुटली तर तुळईच्या मध्यावर २० होतो. म्हणून जोडाच्या घट्टपणाची खात्री नसेल तर टेकू २० किलोन्यूटनसाठी आणि तुळईचा मधला भाग २० किलोन्यूटन-मीटरसाठी तपासावा, आणि भिंतीतला जोड मात्र पूर्ण पकड धरून येणाऱ्या मोमेंटसाठी, त्यात टेकू खचण्याची शक्यता मिळवून.