वाटाण्याचा वात दुधात उतरतो का?

माझ्या भाचीचं बाळ पाच आठवड्यांचं. संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन, मुठी आवळून टाहो फोडायचं. घरात लगेच आरोपी सापडला: आदल्या दिवशीची वाटाण्याची उसळ. पाठोपाठ वाल, हरभरा, कोबी, फ्लॉवर बंद झाले. तुरीचं वरणही गेलं. ताटात उरला मऊ भात नि तूप, आणि मधल्या भुकेला चहा-टोस्ट.

आता त्या वाटाण्याच्या मागे मागे जाऊ. वाटाण्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. न तुटलेली साखर आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरत नाही, ती तशीच मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जिवाणू तिला आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. पोट फुगतं ते यामुळे, पण आईचं. यातला थोडा वायू रक्तात विरघळतो खरा, पण तो फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडतो. श्वासातला हायड्रोजन मोजून पचनाची तपासणी करतात ती याच आधारावर.

दूध तयार होतं ते स्तनातल्या इवल्या पिशव्यांच्या पेशींमध्ये, आणि कच्चा माल येतो रक्तातून. जी साखर रक्तातच पोचली नाही, ती दुधात कुठून येणार?

खरी गंमत पुढे आहे. आईच्या दुधातच बाळाला न पचणाऱ्या साखरा असतात, लिटरला साधारण 5 ते 15 ग्रॅम! लॅक्टोज आणि स्निग्धांश सोडले तर दुधात सर्वांत जास्त असणारा घन पदार्थ हाच. या साखरा बाळाच्या मोठ्या आतड्यातल्या बिफिडो जिवाणूंचं खाद्य. ते वाढले की उपद्रवी जिवाणूंना जागा मिळत नाही. म्हणजे आईनं वाटाणा खाल्ला काय नि न खाल्ला काय, बाळाच्या पोटात आंबणं चालूच राहणार, आणि ते त्याच्या भल्याचंच. दृष्ट काढून ते थांबत नाही, आणि ‘दूध वाढवणाऱ्या’ महागड्या पावडरींचं म्हणाल तर दूध वाढतं ते मुख्यतः बाळ वारंवार नीट ओढतं म्हणून.

एक अपवाद मात्र खरा. गाईच्या दुधातल्या प्रथिनांचे अंश आईच्या दुधात येतात आणि मोजक्या बाळांना त्यांची ॲलर्जी असते. बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसले, आव पडली किंवा अंगावर इसब उठलं, तर डॉक्टरांना विचारून आईनं दोन ते चार आठवडे दूध-दही बंद करून पाहायचं आणि मग पुन्हा सुरू करून बघायचं. नुसतं रडणं ही त्याची खूण नव्हे. रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं.

भाचीच्या घरी उसळीची चौकशी झाली, चहाची कुणी केली नाही. तिचा मग 300 मिलीचा, दिवसाला चार. 150 मिली चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन धरलं तर हिशेब 240 ते 520 मिलिग्रॅमवर जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मर्यादा दिवसाला 300 ची, युरोपातला सल्ला 200 चा. कॅफिनचा रेणू लहान, तो रक्तातून दुधात सहज जातो. प्रमाण थोडं असतं, पण मोठ्या माणसाच्या शरीरातून निम्मं कॅफिन जायला पाचेक तास लागतात, तर नवजात बाळाला तीन-चार दिवस, कारण त्याच्या यकृतातलं विकर अजून तयार नसतं. रोज थोडं थोडं साठत जातं. बाळ चिडचिडं होतं, झोप उडते. दोन-तीन लहान कप चहा चालतो. फिल्टर कॉफीचा एक कपच 80 ते 120 मिलिग्रॅमचा, तेव्हा ती मोजूनच. आणि चहा जेवणाला लागून नको, त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह अडवतं.

भाचीनं चहा दोन लहान कपांवर आणला आणि उसळ परत ताटात घेतली. बाळ दोन-तीन आठवड्यांत शांत झालं. श्रेय चहाला की वयाला, हे एका बाळावरून सांगता येणार नाही.

परवा तिचा फोन आला, “मामा, नणंदेच्या लग्नात वाइनचा एक ग्लास चालेल?” न घेणं सर्वांत बरं, आणि बाळ इतकं लहान असताना तर नकोच, असं मी सांगितलं. दारू दुधात जवळजवळ रक्ताइतकीच असते आणि अर्ध्या ते एका तासात ती सर्वांत जास्त होते. रक्तातून उतरली की दुधातूनही उतरते, म्हणून दूध पिळून फेकल्यानं ती लवकर जात नाही. एका ग्लासाला दोन ते अडीच तास धरायचे, दोन ग्लासांना दुप्पट. घ्यायचीच झाली तर आधी बाळाला पाजून. दारूनं दूध वाढतं ही समजूतही उलटी आहे: पान्हा फुटवणारं ऑक्सिटोसिनच ती दाबते.

“मग राहू दे,” ती म्हणाली. “त्या दिवशी जेवणात वालाची उसळ आहे, ती खाते.”