दोन वाजताचा एक सेकंद

ऑनलाइन पुस्तकं विकणारं एक दुकान समजा. दिवसभराच्या ऑर्डरी एका डेटाबेसमध्ये साठतात आणि रात्री दोन वाजता त्यांची प्रत हिशेबाच्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये जाते. लाखो नोंदी रोज नव्याने उचलणं परवडत नाही, म्हणून फक्त बदललेल्या नोंदी न्यायच्या. प्रत्येक नोंदीत `updated_at` नावाचा रकाना असतो आणि ती शेवटची कधी बदलली ती वेळ त्यात असते. आज नेलेल्या नोंदींपैकी सगळ्यात उशिराची वेळ टिपून ठेवायची आणि उद्या तिच्यापुढचं तेवढं मागायचं. या टिपलेल्या वेळेला वॉटरमार्क म्हणतात. पूर ओसरल्यावर भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ राहते ना, तशीच ही खूण.

```sql
SELECT * FROM orders
WHERE updated_at > '2024-03-12 02:00:00';
```

यातलं `>` हे चिन्ह वाचायला अगदी बरोबर वाटतं. दोन वाजेपर्यंतचं काल नेलं, आता त्यानंतरचं द्या. पण मायएसक्यूएलमध्ये नुसतं `DATETIME` लिहिलं, तर त्या रकान्यात पूर्ण सेकंदच साठतो, सेकंदाचे तुकडे साठत नाहीत. त्या एका सेकंदात झालेले सगळे बदल `02:00:00` असाच शिक्का घेऊन बसतात. आधीचा कुठला आणि नंतरचा कुठला, हे नोंदीकडे पाहून कळायला मार्गच उरत नाही.

एका सेकंदात असं किती घडणार, असं वाटणं साहजिक आहे. दुपारी तीन वाजून सतरा मिनिटांनी खरंच फारसं घडत नसेल. पण रात्रीची कामं आपण माणसं नेमतो आणि ती गोल आकड्यांवर नेमतो. या दुकानात पैसे न आलेल्या ऑर्डरी रद्द करणारं कामही बरोबर दोनलाच सुरू होतं.

त्या रात्री अशा 260 ऑर्डरी होत्या. काम शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांनी चालतं. पहिले शंभर रद्द होऊन कमिट झाले, म्हणजे डेटाबेसमध्ये पक्के झाले, आणि तेवढ्यात आपल्या लोडने, म्हणजे नोंदी हिशेबाकडे नेणाऱ्या कामाने, टेबल वाचलं. त्याच सेकंदात पुढचे शंभर रद्द झाले, पण तोवर वाचन होऊन गेलं होतं. उरलेल्या साठांवर `02:00:01` पडलं. वॉटरमार्क ठरला `02:00:00`. दुसऱ्या रात्री साठ आले, कारण ते त्यापुढचे होते. मधले शंभर ना पहिल्या रात्री आले, ना दुसऱ्या.

ते पुढेही येणार नाहीत. सुटलेली नोंद पुन्हा पकडली जाते ती पुन्हा कुणी बदलली तरच, आणि रद्द झालेल्या ऑर्डरीला सहसा कुणी हात लावत नाही. मला या दोषातलं सगळ्यात वाईट हेच वाटतं. ज्या नोंदींचा शेवटचा निकाल लागला, त्याच कायमच्या जुन्या अवस्थेत अडकतात. हिशेबात या शंभर ऑर्डरी महिनोन्‌महिने ‘पैसे येणे बाकी’ म्हणून दिसत राहतात.

एकूण नोंदी मोजून हे सापडत नाही, कारण त्या शंभर ऑर्डरी दोन्हीकडे आहेतच, फरक फक्त त्यांच्या अवस्थेत आहे. त्यासाठी रद्द ऑर्डरी सेकंदागणिक मोजून दोन्ही बाजू शेजारी ठेवाव्या लागतात. मूळ डेटाबेसमध्ये `02:00:00` समोर 200 येतात, हिशेबाच्या बाजूला 100. फरक नेमका वॉटरमार्कच्याच सेकंदावर आला, की चोर सापडला.

मग `>` ऐवजी `>=` करायचं. पण आता दुसऱ्या रात्री आधीचे शंभरही पुन्हा येतात. लोड आलेलं सगळं नुसतं खाली जोडत जात असेल, तर त्याच ऑर्डरी दोनदा मोजल्या जातील. म्हणून ऑर्डर क्रमांक पाहायचा. तो आधीपासून असेल तर तीच नोंद नव्याने लिहायची, नसेल तर घालायची. मग तीच नोंद दहादा आली तरी बिघडत नाही.

मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ साठवली की भागेल, असं पुष्कळांना वाटतं. त्याने टक्कर विरळ होते, पण पूर्ण टळत नाही. पोस्टग्रेसमध्ये `now()` ही व्यवहार सुरू झाल्याची वेळ देतं; व्यवहार म्हणजे इथे एकत्रच कमिट होणारे बदल. 01:58 ला सुरू होऊन 02:03 ला कमिट झालेल्या बदलावर शिक्का 01:58 चा, आणि दोन वाजताच्या वाचनाला तो बदल दिसलेलाच नसतो. इथे `>=` सुद्धा कामाचं नाही. म्हणून दर रात्री वॉटरमार्कच्या थोडं मागून वाचायला सुरुवात करायची. किती मागून, ते तुमचा सगळ्यात लांब व्यवहार किती वेळ चालतो त्यावर ठरवायचं. तो दहा मिनिटं चालत असेल, तर पंधरा मिनिटं मागे जावं.

आणि दुरुस्ती केली त्या रात्रीपासून नवी भोकं पडायची थांबतात, पण जुनी आपोआप बुजत नाहीत. त्यासाठी वॉटरमार्क एकदा अगदी सुरुवातीच्या तारखेला नेऊन सगळं पुन्हा वाचून घ्यावं लागतं.