अर्थ लीकेज ब्रेकर आणि सदोष चार्जर

अर्थ लीकेज ब्रेकर म्हणजे घरातून बाहेर झिरपणारा विद्युतप्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे साधन. कोल्हापुरात वायरमन आणि दुकानदार त्याला सरसकट ‘ईएलसीबी’ म्हणतात, पण आज विकत मिळणाऱ्या साधनाचे नेमके नाव आरसीसीबी असे आहे. हा फरक नुसता नावाचा नाही. जुन्या पद्धतीचा ईएलसीबी अर्थिंगच्या तारेवर व्होल्टेज आले तरच पडायचा, म्हणजे पुरवठा तोडायचा. मोबाइलच्या दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंगची तारच नसते, त्यामुळे त्याच्यातल्या बिघाडाचा जुन्या साधनाला पत्ताच लागत नसे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत मीटरशेजारी असा जुना डबा अजून असेल, तर चार्जरच्या बाबतीत तो नसल्यासारखाच समजावा.

आजच्या ब्रेकरचे तत्त्व हिशेबाचे आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा आत एकाच लोखंडी कड्यातून जातात. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला, तर दोघांचा परिणाम एकमेकांना खोडतो आणि कडे शांत राहते. थोडासा प्रवाह माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की परतीत तेवढी तूट पडते. कड्यावरच्या बारीक वेटोळ्यात त्या तुटीमुळे वीज निर्माण होते आणि तिच्यामुळे खटका सुटतो. माणसांच्या संरक्षणासाठीचा ब्रेकर ३० मिलिअँपिअरचा असतो. तो १५ मिलिअँपिअरच्या आत पडत नाही आणि ३० ला पडायलाच हवा. एमसीबी हे काम करू शकत नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला माणसाला मारणारा प्रवाह दिसतच नाही. तो तारा जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही.

चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि मोबाइलकडची ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि बहुधा दोन्ही बाजूंना जोडणारा एक खास कपॅसिटर. चांगल्या चार्जरमध्येही त्या कपॅसिटरमधून अगदी थोडा प्रवाह जातो, साधारण ०.१ मिलिअँपिअरच्या घरात. धातूच्या पाठीचा फोन चार्जिंगला असताना हात फिरवला की ज्या झिणझिण्या येतात, त्या याच. त्यांनी ब्रेकर पडत नाही आणि पडूही नये. रस्त्यावर मिळणाऱ्या अतिस्वस्त चार्जरमध्ये त्या जागी साधा कपॅसिटर बसवलेला असतो, ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमधली पट्टी पातळ असते, दोन बाजूंच्या सोल्डरच्या टाक्यांत पुरेसे अंतर नसते. यातले काहीही निकामी झाले, की फोनच्या धातूवर आणि केबलच्या टोकावर घरातली वीज येते.

आषाढातल्या पावसात तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराची शहाबादी फरशी ओल धरून असते. तिच्यावर अनवाणी उभ्या असलेल्या बाईंनी ओल्या हाताने चार्जिंगचा फोन उचलला आणि आत फेजचा टाका ५ व्होल्टच्या बाजूला चिकटलेला होता, असे धरू. हातापासून पायांपर्यंतचा रोध २,००० ओहम मानला, तर २३० भागिले २,००० म्हणजे सुमारे ११५ मिलिअँपिअर प्रवाह अंगातून जातो. एवढा प्रवाह सेकंदभर टिकला तर हृदयाचे ठोके विस्कटू शकतात आणि स्नायू आखडल्यामुळे हातातली वस्तू सुटतही नाही. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी: ब्रेकर हा प्रवाह कमी करत नाही. दोन पिनांच्या चार्जरमध्ये गळतीला दुसरी वाटच नसते, म्हणून माणसाचा हात लागेपर्यंत ब्रेकरला काही कळत नाही. झटका बसतोच, आणि पूर्ण ताकदीने बसतो. ब्रेकर तोडतो ती फक्त त्याची वेळ. धडधाकट ब्रेकर अशा गळतीला साधारण ०.०४ सेकंदात पडतो. हृदयाचा एक ठोका त्याच्या कितीतरी पट लांब असतो.

लॅपटॉपच्या तीन पिनांच्या चार्जरचे वेगळे आहे. तिथे गळती अर्थिंगच्या तारेतून लगेच वाहू लागते, त्यामुळे बहुतेक वेळा प्लग लावताक्षणीच ब्रेकर पडतो, कोणाला हातही लागत नाही. म्हणूनच ‘हा चार्जर लावला की लाइट जाते’ म्हणून ब्रेकर बाद करून थेट जोडणी घेणे घातक आहे. आधी सगळे प्लग खेचून काढावेत आणि एकेक लावून पाहावे. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण तो बहुधा फक्त फेज तोडतो.

ब्रेकरलाही मर्यादा आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आले, आणि माणूस कोरड्या लाकडी पाटावर असला, तर परतीत तूट पडत नाही आणि ब्रेकर गप्प राहतो. दुसरी मर्यादा चार्जरशीच निगडित आहे. तो खास कपॅसिटर फुटला, तर गळती अनेकदा चार्जरमधल्या डायोडमधून होते आणि अर्ध्या लाटांची असते. ‘एसी’ प्रकारचा ब्रेकर अशा गळतीला पडेलच याची खात्री नसते. ‘ए’ प्रकारचा पडतो. ओळखायची खूण ब्रेकरच्या तोंडावरच असते: एसी प्रकारावर चौकटीत नुसती एक नागमोडी लाट, ए प्रकारावर तिच्याखाली अर्ध्या लाटांची आणखी एक रेघ. नवा ब्रेकर घेताना ए प्रकारच मागावा.

घरच्या चाचणीसाठी ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले बटण असते. लाइट असतानाच ते दाबायचे, कारण ते घरातल्याच विजेवर चालते. संगणक आधी बंद करावा. बटण दाबताच खटका खाली यायला हवा. दाबून धरावे लागले, दोनदा दाबावे लागले किंवा काहीच झाले नाही, तर वायरमनकडून ब्रेकर बदलून घ्यावा. पडलेला खटका आधी पूर्ण खाली ओढून मग वर करायचा. महिन्यातून एकदा हे केल्याने आतला खटका जाम होत नाही. बटण आतल्या आत थोडी तूट निर्माण करते, म्हणून त्यावरून ब्रेकर हलतो एवढेच कळते. अर्थिंग चांगले आहे की नाही, ते कळत नाही.

खटका खाली असताना घरभर हिंडून प्रत्येक बोर्डावर एक टेबललॅम्प लावून पाहावा. ही चाचणी सहसा कोणी करत नाही, पण माझ्या मते बटणाइतकीच मोलाची आहे. दिवा लागला तर त्या बोर्डाला ब्रेकरचे संरक्षण नाही. मागाहून वाढवलेली माडी, गच्चीवरची खोली आणि इन्व्हर्टरवरचे पॉइंट इथे हमखास सापडतात. फोन तर बहुधा त्याच इन्व्हर्टरच्या पॉइंटवर चार्ज होतो.

फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून ‘ब्रेकर पडतो का बघू’ ही काहींची रीत घरच्यांनी करू नये. अर्थिंग तुटलेले आणि ब्रेकर निकामी असेल, तर त्या क्षणी फ्रिज, गीझर, मिक्सर अशा सगळ्यांच्या धातूवर फेज येतो. किती मिलिअँपिअरला आणि किती वेळात पडतो हे मोजणारे प्लगचे टेस्टर मिळतात. ते असलेल्या वायरमनकडून मोजून घ्यावे. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी ज्या घरांत मेन बोर्डापर्यंत चढले होते, तिथला ब्रेकर बटणाला पडत असला तरी बदललेला बरा, कारण आत शिरलेला गाळ वाळून खटका हळू करतो आणि तो हळूपणा बटण दाबून दिसत नाही.