कच्चा बीटा एककडे का सरकवतात : दोन-तृतीयांशच्या नियमामागचा इतिहास

सोलापुरात टेरी टॉवेल किंवा चादरीच्या कारखान्यात भावाभावांची वाटणी होते, नवा भागीदार येतो किंवा बाहेरचा गुंतवणूकदार हिस्सा मागतो, तेव्हा मूल्यांकन अहवाल तयार होतो. त्यात समभाग भांडवलाच्या खर्चाचा, म्हणजे भागधारक दरसाल किती परतावा अपेक्षितात त्याचा, एक तक्ता असतो. हा खर्च बीटावर ठरतो : शेअर बाजार एक टक्का हलला की कंपनीचा शेअर सरासरी किती टक्के हलतो, त्याचे हे माप. सगळ्या बाजाराचा बीटा एक. तक्त्यात बीटा ०.४६ असा मोजलेला असतो आणि पुढच्याच ओळीत ‘समायोजित बीटा ०.६४’ लिहिलेले असते. हा ०.६४ आला कुठून, हे अहवालात बहुधा सांगितलेले नसते, आणि बैठकीतही कोणी विचारत नाही. पण कारखान्याची किंमत त्या एका ओळीने चांगलीच हलते, म्हणून ती ओळ कुठून आली हे पाहायला हवे.

आधी आकडे मांडू. कंपनी काल्पनिक आहे : अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेल बनवणारी, शेअर बाजारात नोंदलेली, पण शेअरचे व्यवहार तुरळक. पाच वर्षांच्या ६० मासिक परताव्यांचे निफ्टीच्या परताव्यांशी रिग्रेशन केले, म्हणजे दोहोंचा संबंध दाखवणारी सर्वांत जवळची रेषा बसवली, आणि त्या रेषेचा उतार, म्हणजे कच्चा बीटा, ०.४६ आला. जोखीममुक्त दर ७ टक्के आणि शेअर बाजाराच्या जोखमीचा जादा मोबदला ६ टक्के धरू. समभागाचा खर्च ७ + ०.४६ × ६, म्हणजे ९.७६ टक्के. आता कच्च्या बीटाचे दोन-तृतीयांश घेऊन त्यात एक-तृतीयांश मिळवले की ०.६४ येतो आणि खर्च १०.८४ टक्के होतो. फरक १.०८ टक्क्याचा. पुढच्या वर्षी मालकांच्या हाती १० कोटी उरणार आहेत आणि ते दरसाल ५ टक्क्यांनी वाढणार आहेत असे मानले, तर १० कोटींना खर्च वजा वाढीच्या दराने भागून पहिल्या खर्चाने कंपनीची किंमत सुमारे २१० कोटी निघते आणि दुसऱ्याने सुमारे १७१ कोटी.

विल्यम शार्प यांनी १९६४ मध्ये आणि जॉन लिंटनर यांनी १९६५ मध्ये बीटावरून अपेक्षित परतावा काढण्याचे जे प्रतिमान मांडले, त्यातला बीटा पुढच्या काळाचा आहे. आपल्याला मोजता येतो तो मात्र मागच्या काळाचा. मागचा बीटा पुढे कितपत टिकतो, हा प्रश्न मार्शल ब्लूम यांनी १९७१ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारातल्या समभागांवर तपासला. त्यांनी १९२६ ते १९६८ हा काळ सात-सात वर्षांच्या सहा तुकड्यांत विभागला आणि प्रत्येक तुकड्यातल्या बीटांवरून पुढच्या तुकड्यातले बीटा सांगता येतात का, ते पाहिले. १९४७–५४ वरून १९५४–६१ कडे जाताना मिळालेले समीकरण असे : नवा बीटा = ०.३४३ + ०.६७७ × जुना बीटा. आज सर्रास वापरला जाणारा दोन-तृतीयांशचा नियम या आकड्यांच्या अगदी जवळ आहे. पण उरलेल्या चार जोड्यांत हाच उतार ०.४८९ पासून ०.७५० पर्यंत फिरला. म्हणजे दिशा प्रत्येक वेळी तीच होती, प्रमाण मात्र दर सात वर्षांनी वेगळे होते. शेअर बाजाराची माहिती विकणाऱ्या कंपन्यांनी पुढे त्यातून एक गोल आकडा उचलला आणि तो त्यांच्या सेवांच्या पडद्यावर स्थिरावला. अमेरिकेतल्या त्या काळच्या समभागांवरून निघालेले प्रमाण सोलापूरच्या टॉवेल कंपनीला जसेच्या तसे लागू होईल, असे मानायला कोणताही आधार नाही, आणि अहवालात ते नियमासारखे लिहिणे मला चुकीचे वाटते.

बीटा एककडे का सरकतात याची दोन कारणे आहेत आणि ती वेगळी ठेवायला हवीत. पहिले कारण मोजमापातले. शेकडो कंपन्यांचे बीटा मोजले तर सर्वांत खाली आलेल्यांपैकी बरेचसे योगायोगाने खाली आलेले असतात. पुढच्या काळात तो योगायोग पुन्हा घडत नाही आणि आकडा वर येतो. फ्रान्सिस गॉल्टन यांना १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीत हेच दिसले होते. तिथेही प्रमाण दोन-तृतीयांशच निघाले होते, पण तो निव्वळ योगायोग. दुसरे कारण खुद्द धंद्यातले. १९७५ च्या लेखात ब्लूम यांनी दाखवले की मोजमापातली चूक बाजूला काढली तरी सरकणे उरतेच. कंपनी नवे प्रकल्प हाती घेते, त्यांची जोखीम जुन्या धंद्याइतकी टोकाची नसते, आणि खरा बीटाच हळूहळू मध्याकडे येतो.

ब्लूम यांच्या रीतीत एक मोठी उणीव आहे : ती सर्वांना सारखेच सरकवते. दररोज लाखो शेअरची उलाढाल असलेल्या कंपनीचा बीटा आणि कधीतरीच व्यवहार होणाऱ्या कंपनीचा बीटा तिच्या लेखी सारखेच भरवशाचे. ओल्ड्रिच वासिचेक यांनी १९७३ मध्ये यावर उपाय दिला. ज्या बीटाची प्रमाण त्रुटी, म्हणजे मोजमाप किती चुकलेले असू शकते त्याचे माप, मोठी, तो जास्त सरकवायचा. ज्याची लहान, तो कमी. कच्च्या बीटाला द्यायचे वजन काढण्यासाठी कंपन्या-कंपन्यांमधल्या बीटांच्या पसाऱ्याचा, म्हणजे प्रमाण विचलनाचा, वर्ग घ्यायचा आणि त्याला, तोच वर्ग अधिक प्रमाण त्रुटीचा वर्ग, या बेरजेने भागायचे. उरलेले वजन एकला मिळते.

आपल्या उदाहरणात हा पसारा ०.३५ धरू. प्रमाण त्रुटी ०.३० असेल, तर वजन ०.१२२५ ÷ (०.१२२५ + ०.०९), म्हणजे सुमारे ०.५८. समायोजित बीटा ०.६९ येतो आणि खर्च ११.१ टक्के होतो. तोच ०.४६ जर ०.१० इतक्या लहान त्रुटीने मोजलेला असता, तर वजन ०.९२ झाले असते, बीटा ०.५० वर थांबला असता आणि खर्च १० टक्क्यांच्या आसपास राहिला असता. प्रमाण त्रुटी काढणे अवघड नाही. कंपनीचे परतावे B स्तंभात आणि निफ्टीचे C स्तंभात असतील तर :

```
=SLOPE(B2:B61,C2:C61)
=INDEX(LINEST(B2:B61,C2:C61,TRUE,TRUE),2,1)
```

पहिली ओळ कच्चा बीटा देते, दुसरी त्याची प्रमाण त्रुटी. अहवालात ही दुसरी संख्या नसेल तर ती मागून घ्यावी.

पहिल्या ओळीचा आणखी एक उपयोग आहे. काही सेवा पडद्यावर आधीच समायोजित केलेला बीटा दाखवतात. तो कच्चा समजून पुन्हा सरकवला की ०.६४ चा ०.७६ होतो आणि खर्च ११.५६ टक्क्यांवर जातो. उतार स्वतः काढून पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिला की ही दुहेरी आकारणी लगेच उघडी पडते. मात्र दोन्हीकडे कालावधी आणि निर्देशांक तेच असायला हवेत.

आपण ज्याच्याकडे सरकवतो तो ‘एक’ सुद्धा तपासायला हवा. एक ही सगळ्या शेअर बाजाराची सरासरी. कापड कंपन्यांची सरासरी ०.८५ निघत असेल आणि ती पुरेशा कंपन्यांवरून काढलेली असेल, तर सरकवण्याचे लक्ष्य ०.८५ ठेवणे जास्त योग्य. वासिचेक यांच्या सूत्रात एकच्या जागी ती सरासरी घालता येते. तेव्हा पसाराही कापड कंपन्यांचाच घ्यायचा.

आणि जे काम या रीतीचे नाहीच, ते तिच्यावर लादले जाते. तुरळक व्यवहाराच्या शेअरचा बीटा नुसता अनिश्चित नसतो, तो एकाच बाजूला चुकलेला असतो. महिन्याच्या शेवटी शेअरचा सौदाच झाला नसेल, तर निफ्टीतली हालचाल त्याच्या भावात पुढच्या महिन्यात उतरते आणि मोजलेला बीटा खऱ्यापेक्षा कमी येतो. योगायोगाने आलेली चूक सरकवण्याने कमी होते, ही होत नाही. त्यासाठी एल्रॉय डिमसन यांची १९७९ ची रीत आहे : रिग्रेशनमध्ये निफ्टीचा मागच्या महिन्याचा परतावाही घालायचा आणि दोन्ही गुणकांची बेरीज घ्यायची. आपल्या कंपनीत समजा चालू महिन्याचा गुणक ०.४६ आणि मागच्या महिन्याचा ०.२५ आला. बेरीज ०.७१. मग सरकवणे, दोन-तृतीयांशच्याच नियमाने धरले तरी, बीटा ०.८१ वर आणते, खर्च ११.८४ टक्के होतो आणि २१० कोटींची तीच कंपनी सुमारे १४६ कोटींची ठरते. २१० आणि १४६ यांतल्या ६४ कोटींपैकी ३९ कोटी पहिल्या सरकवण्याचे आहेत, उरलेले २५ शेअरच्या तुरळक व्यवहाराचे.