व्हॉट्सॲपची ‘ब्लू टिक’ : अर्जाआधी कागदपत्रे कशी जुळवावीत

धंद्याच्या नावासमोर निळी खूण हवी म्हणून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ग्राहकांचा समज असतो की एक फॉर्म भरला की काम झाले. प्रत्यक्षात इथे दोन वेगळे टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात तुमचा व्यवसाय खरोखर अस्तित्वात आहे का, हे मेटा कंपनी तपासते. त्याला बिझनेस व्हेरिफिकेशन म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात तो व्यवसाय पुरेसा नावाजलेला आहे का, हे पाहून ‘ऑफिशियल बिझनेस अकाउंट’चा दर्जा दिला जातो. खूण या दुसऱ्या टप्प्यात मिळते, पण अर्ज अडकतात ते बहुधा पहिल्यातच.

अडकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे नाव. समजा, तुमचा मसाल्यांचा घरगुती उद्योग आहे आणि तो प्रोप्रायटरी आहे. जीएसटी सर्टिफिकेट समोर घ्या. त्यावर Legal Name आणि Trade Name अशा दोन ओळी दिसतील. प्रोप्रायटरी धंद्यात पहिल्या ओळीत मालकाचे पॅनवरचे नाव असते आणि दुकानाच्या पाटीवरचे नाव दुसऱ्या ओळीत असते. अर्जात कायदेशीर नाव विचारले की लोक सवयीने पाटीवरचे नाव लिहितात. तपासणाऱ्याला कागदावर त्या जागी भलतेच नाव दिसते आणि अर्ज परत येतो. तिथे मालकाचेच नाव लिहा, स्पेलिंगसुद्धा सर्टिफिकेटवर आहे तसेच ठेवा. पाटीवरचे नाव व्हॉट्सॲपवर दाखवायचे असेल, तर त्या दोन नावांचा संबंध तुमच्या वेबसाइटवर दिसला पाहिजे. वेबसाइटच्या तळाशी ‘हा ब्रँड अमुक यांच्या मालकीचा आहे’ अशी एक ओळ असली तरी मोठी मदत होते.

दुसरी अडचण पत्त्याची. याच मसालेवाल्यांचा जीएसटीवरचा पत्ता जुन्या राहत्या घराचा आहे, माल आता भाड्याच्या गाळ्यातून जातो आणि गाळ्याचे वीजबिल गाळामालकाच्या नावावर येते. असे बिल जोडून काही उपयोग नाही, कारण त्यावर तुमचे नावच नाही. अशा वेळी धंद्याच्या खात्याचे, नाव आणि नवा पत्ता छापलेले बँक स्टेटमेंट चालते. पण आमचा सल्ला असा की, आधी जीएसटी पोर्टलवर Core Fields मध्ये जाऊन मुख्य पत्ता बदलून घ्यावा. अधिकाऱ्याच्या मंजुरीला थोडे दिवस लागतात, पण पुढचे सगळे कागद एका पत्त्यावर येतात. शॉप ॲक्टची पावती किंवा उद्यम प्रमाणपत्र जोडणार असाल, तर त्यावरचा पत्ताही ताडून पाहा. कागद स्कॅन करताना चारही कडा दिसल्या पाहिजेत.

फोन आणि ईमेलचीही पडताळणी होते. वेबसाइटच्याच डोमेनचा ईमेल असेल, तर हे काम सोपे होते.

आता दुसरा टप्पा. यासाठी नंबर व्हॉट्सॲप बिझनेस प्लॅटफॉर्मवर, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून संदेश पाठवू देणाऱ्या एपीआय सेवेवर असावा लागतो आणि त्यावर सहा अंकी पिनची टू-स्टेप पडताळणी सुरू असावी लागते. अर्ज WhatsApp Manager मधून जातो आणि त्यासोबत बातम्यांच्या लिंक देता येतात. इथे पुराव्याची जात बदलते. सर्टिफिकेटांनी प्रसिद्धी सिद्ध होत नाही. वृत्तपत्राने स्वतःहून तुमच्या उद्योगावर लिहिलेला लेख मोजला जातो. पैसे देऊन छापलेली पुरवणी, प्रेस नोट जशीच्या तशी, डिरेक्टरीतली नोंद, स्वतःचे इन्स्टाग्राम पेज हे धरले जात नाही. गावच्या आवृत्तीत बातमी आली असेल, तर कात्रणाच्या फोटोऐवजी त्या दैनिकाच्या वेबसाइटवरची, लॉगिन न करता उघडणारी लिंक द्या. बातमीत ब्रँडचे नाव आलेले हवे. नुसता ‘एका महिला उद्योजिकेचा’ उल्लेख असेल, तर ती लिंक जोडू नका. अर्ज नाकारला गेला, तर पुन्हा करायला ३० दिवस थांबावे लागते, म्हणून घाई करू नका.

लहान धंद्यांना अशी प्रसिद्धी नसते, हे आम्ही आधीच स्पष्ट सांगतो. त्यांच्यासाठी दरमहा शुल्काचे ‘मेटा व्हेरिफाइड’ आहे. त्याला बातम्या लागत नाहीत. मात्र वर्गणी थांबवली की खूणही जाते.

‘ब्लू टिक करून देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो ठेवून द्या. ओटीपी किंवा पिन आम्हीसुद्धा कधी मागत नाही.

आमच्याकडे येताना जीएसटी सर्टिफिकेट, उद्यम किंवा शॉप ॲक्टचा कागद, धंद्याच्या खात्याचे ताजे स्टेटमेंट आणि बातम्यांच्या लिंक आणा. नावे आणि पत्ते जुळतात का, हे आधी तुमच्यासमोर बसून तपासू आणि जुळत नसतील, तर त्या दिवशी अर्ज भरणार नाही.